बटण एकदा दाबलं, आकडा तीनने वाढला

डिजिटल डिझाइनच्या लॅबसाठी एफपीजीए बोर्ड घ्यावेत, असं पत्र मी प्राचार्यांना दिलं होतं. ते चार दिवसांत परत आलं. समासात लाल शाईचा शेरा होता : ‘सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर मोफत उपलब्ध असताना या खर्चाची आवश्यकता काय?’

शेरा वाचून आधी वाईट वाटलं. मग स्वतःचं पत्र पुन्हा वाचलं आणि प्रश्न रास्त वाटला. दोन पानांत ‘काळाची गरज’ होती, ‘उद्योगाभिमुख शिक्षण’ होतं, पण लॅबमधल्या टेबलावर मुलांच्या हाताखाली नेमकं काय होणार आहे, याचं एकही वाक्य नव्हतं. आमचे प्राचार्य मेकॅनिकलचे. लेथ समोर नसताना फक्त आकृतीवरून टर्निंग शिकवा, असं त्यांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनीही शेराच मारला असता. त्यांना त्यांचा लेथ दाखवायचा, तसा मला माझा बोर्ड दाखवायला हवा होता.

एफपीजीए म्हणजे काय, हे सांगताना मला छापखान्याची आठवण उपयोगी पडते. नेहमीची चिप हा कोरलेला ठसा असतो. एकदा कोरला की तेच चित्र उमटणार, चूक राहिली तर ठसा फेकायचा. एफपीजीए म्हणजे खिळ्यांची पेटी. खिळे जुळवा, पान छापा, सोडवा आणि त्याच खिळ्यांतून दुसरं पान जुळवा. झायलिंक्स कंपनीने 1985 मध्ये अशी पहिली चिप बाजारात आणली, तेव्हा तिच्यात असे 64 ठोकळे होते. आज विद्यार्थ्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘बेसिस 3’ या बोर्डावरच्या चिपमध्ये जुळवता येणारे 20,800 छोटे तक्ते आहेत. प्रत्येक तक्ता सहा हो-नाही प्रश्नांच्या 64 शक्यता घेतो आणि प्रत्येक शक्यतेपुढे एक उत्तर लिहून ठेवतो. विद्यार्थ्याने लिहिलेलं डिझाइन सॉफ्टवेअर वाचतं, कुठल्या तक्त्यात कोणती उत्तरं भरायची आणि कोणता तक्ता कुठल्या तारेने कशाला जोडायचा हे ठरवतं आणि यूएसबी केबलमधून चिपमध्ये उतरवतं. त्या क्षणापासून चिप हीच ते सर्किट असते. आज काउंटर, उद्या ट्रॅफिक सिग्नल, परवा एक छोटा प्रोसेसर, आणि बोर्ड तोच.

दुसरं पत्र लिहायच्या आधी मी एका माजी विद्यार्थ्याकडून त्याचा जुना बोर्ड आठवडाभरासाठी मागून आणला आणि अभ्यासक्रमातला अगदी साधा प्रयोग निवडला : बटण दाबलं की आकडा एकने वाढवणारा काउंटर. तृतीय वर्षाच्या दोन मुलींना तो दिला. दोघींचं सिम्युलेशन अचूक होतं. पडद्यावर बटणाची रेघ वर गेली, घड्याळाचा एक ठोका पडला, आकडा 0 चा 1 झाला.

डिझाइन बोर्डावर उतरवलं आणि एकीने बटण दाबलं. चारही आकड्यांच्या जागी अंधूक 8888 दिसलं. बोट उचललं, तेव्हा भलताच कुठला तरी आकडा स्थिरावला. पुन्हा दाबलं, पुन्हा वेगळा. त्यांना आधी बोर्डच बिघडला असं वाटलं.

बोर्ड ठणठणीत होता. त्याचं घड्याळ सेकंदाला 10 कोटी ठोके देतं. माणूस बटण झटकन दाबतो म्हणजे निदान सेकंदाचा पाचवा भाग तरी दाबून धरतो, आणि तेवढ्यात 2 कोटी ठोके पडतात. प्रत्येक ठोक्याला काउंटर विचारतो, ‘बटण दाबलेलं आहे का?’ आणि उत्तर हो आलं की एक वाढवतो. आकडे इतक्या वेगाने पळतात की डोळ्याला सगळ्या पट्ट्या पेटलेल्या दिसतात. सिम्युलेशनमध्ये त्यांनी बटण बरोबर एका ठोक्यापुरतं दाबलं होतं, कारण पडद्यावर तसं दाबता येतं. बोटाने येत नाही.

त्यांनी चूक ओळखली आणि बदल केला : बटण आधी सुटलेलं होतं आणि आता दाबलेलं आहे, फक्त त्या बदलाच्या क्षणीच मोजायचं. पुन्हा सिम्युलेशन, पुन्हा बरोबर. बोर्डावर आता आकडा 1 झाला, 2 झाला, आणि एकदम 5. नंतर काही वेळ नीट चालला आणि पुन्हा दोनने उडाला.

ही दुसरी अडचण जास्त शिकवणारी होती. स्टीलची वाटी फरशीवर पडली की एकदाच वाजून थांबत नाही, तीन-चारदा नाचते. बटणातली धातूची पट्टी तशीच नाचते. काही मिलिसेकंदांत ती चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. आपल्याला ते जाणवत नाही, पण एका मिलिसेकंदात त्या घड्याळाचे 1 लाख ठोके होतात, त्यामुळे चिपला प्रत्येक नाच वेगळा दिसतो आणि ती इमानाने प्रत्येक मोजते. उपाय असा की बटणाची स्थिती बदलली की लगेच विश्वास ठेवायचा नाही. ती सलग 20 मिलिसेकंद तशीच राहिली, तरच खरी मानायची. 20 मिलिसेकंद म्हणजे 20 लाख ठोके. ते मोजायला किती बिटांचा काउंटर लागेल? 20 बिटांत 10,48,576 पर्यंत मोजता येतं, म्हणजे जेमतेम साडेदहा मिलिसेकंद. 21 बिटांत 20,97,152, म्हणजे काम झालं. त्या मुलींनी हा हिशोब वहीच्या मागच्या पानावर केला. बिटांची संख्या कशी ठरवायची, हे मी फळ्यावर दरवर्षी शिकवतो. त्या दिवशी ती त्यांना हवी होती, म्हणून त्यांनी काढली.

सिम्युलेशनमध्ये हे अशक्य आहे, असं मी म्हणणार नाही. नाचणारं बटण पडद्यावरही लिहून तपासता येतं. पण बटण नाचतं हे ज्याला ठाऊक आहे, तोच ते लिहील. माहीत नसलेली चूक सिम्युलेशन आपण होऊन दाखवत नाही.

दुसऱ्या पत्रात मी हेच लिहिलं. त्यातला मुख्य भाग असा होता :

‘मा. प्राचार्य यांस, विभागप्रमुखांमार्फत. विषय : डिजिटल डिझाइन प्रयोगशाळेसाठी 12 एफपीजीए बोर्डांच्या खरेदीस मंजुरी मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, सोबत जोडलेला काउंटरचा प्रयोग सिम्युलेशनमध्ये बरोबर व प्रत्यक्ष बोर्डावर दोनदा चूक ठरला. दोन्ही चुकांचे कारण व दुरुस्ती विद्यार्थिनींच्या नोंदीसह जोडली आहे. अभ्यासक्रमातील सर्वच प्रयोगांना बोर्ड लागत नाहीत. अ‍ॅडर, मल्टिप्लेक्सर यांसारखे सुरुवातीचे प्रयोग सिम्युलेशनवरच घेऊ. बटणे, डिस्प्ले, मोटर वा सेन्सर जेथे येतात, तेवढ्याच प्रयोगांसाठी ही मागणी आहे.’

शेवटची तीन वाक्यं मी बराच विचार करून घातली. सगळ्यासाठी बोर्ड हवा असं म्हटलं की वाचणाऱ्याला मागणी फुगवलेली वाटते. कुठे नको हे सांगितलं की कुठे हवा यावर विश्वास बसतो.

मग संख्येचा प्रश्न. वर्गात 60 मुलं, 20-20 च्या तीन बॅच, एका बोर्डावर दोघं. म्हणजे एका वेळी 10 बोर्ड. तिन्ही बॅच वेगवेगळ्या दिवशी येतात, त्यामुळे तेच बोर्ड तिघींना पुरतात. दोन राखीव. एका बोर्डावर चौघं बसवले की दोघं कीबोर्डशी असतात आणि दोघं बघत राहतात, म्हणून दोघांवर मी अडून राहिलो. बोर्ड करांसकट 20 हजारांना पडेल असं धरलं, तर 12 बोर्डांचे 2 लाख 40 हजार होतात. पाच वर्षं वापर धरला, तर 300 विद्यार्थी, म्हणजे माणशी 800 रुपये. खरेदी समितीच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ याच आकड्यावर थांबले.

स्वस्त बोर्ड का नाहीत, हेही लिहिलं. ‘टँग नॅनो 9के’सारखा छोटा बोर्ड बराच कमी किमतीत मिळतो आणि घरी नेऊन शिकायला उत्तम आहे. पण त्यावर दोनच बटणं आणि सहाच दिवे. बेसिस 3 वर 16 स्विच, 16 दिवे, पाच बटणं आणि चार आकड्यांचा डिस्प्ले जागेवरच आहे. छोट्या बोर्डाला हे सगळं ब्रेडबोर्डवर तारांनी जोडावं लागतं, आणि मग आमच्या जुन्या लॅबचंच दुखणं परत येतं : दोन तासांतला दीड तास सैल झालेली तार शोधण्यात.

बोर्डाच्या किमतीबाहेरचा खर्च पत्रात आला नाही, तर तो नंतर बाहेर येतो आणि तेव्हा लाजिरवाणं होतं. सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती या चिपला चालते, त्यामुळे लायसन्सचा खर्च शून्य. पण ते हार्ड डिस्कवर भरपूर जागा घेतं आणि 4 जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर रडतखडत चालतं. म्हणून दहा संगणकांची रॅम वाढवण्याची रक्कम वेगळ्या ओळीत दाखवली. केबलचीही एक गोष्ट आहे. मोबाइलच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. त्या लावल्या की बोर्डावरचा दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसत नाही, आणि मुलं अर्धा तास ड्रायव्हर शोधत बसतात. डेटा केबल मोजून मागवा.

बोर्ड मरतात कसे, हा प्रश्न लेखापालांनी विचारला होता, आणि तो चांगला प्रश्न होता. या बोर्डाच्या जोडणीच्या पिना 3.3 व्होल्टच्या आहेत. अंतर मोजणारा स्वस्त अल्ट्रासॉनिक सेन्सर प्रोजेक्टमध्ये हमखास येतो, आणि त्याचं उत्तर 5 व्होल्टवर येतं. तार थेट जोडली की ती पिन जाऊ शकते, कधी चिपही. मधे 1 किलोओहम आणि 2 किलोओहमचे दोन रोधक नीट लावले, तर पिनेपर्यंत 3.3 व्होल्टच पोहोचतात. हा नियम आम्ही लॅबच्या दारावर लावला आहे आणि पाहिल्याशिवाय कुणी बाहेरची तार जोडत नाही. दोन राखीव बोर्ड कशासाठी, याचं उत्तर त्यांना तिथेच मिळालं.

पत्र देताना मी मागून आणलेला बोर्ड सोबत नेला. प्राचार्यांनी बटण दाबलं, आकडा 1 झाला. दुसऱ्यांदा दाबलं, 2. तिसऱ्यांदा थेट 5. त्यांनी बटणाकडे पाहिलं, पुन्हा दाबलं आणि म्हणाले, “हे असंच आहे की बिघडलंय?” दुरुस्त केलेलं डिझाइन त्यांच्यासमोर उतरवलं, तेव्हा सलग वीस वेळा दाबून त्यांनी आकडा 20 वर आलेला स्वतः पाहिला.

मंजुरी 10 बोर्डांची आली. राखीव दोन पुढच्या अर्थसंकल्पात घ्यावेत, असा शेरा होता, निळ्या शाईत.

अशीच विनंती तुमच्या टेबलावर आली असेल आणि तुम्ही प्राचार्य, विश्वस्त किंवा खरेदी समितीत असाल, तर सही करण्याआधी किंवा नाकारण्याआधी त्या शिक्षकाला एवढंच सांगा : एक बोर्ड घेऊन या, मला बटण दाबून बघायचंय.