शंभर मायक्रोलिटर पाण्याचं खरं वजन

एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, हे शाळेत पाठ केलेलं असतं. त्या हिशेबाने शंभर मायक्रोलिटर पाणी काट्यावर बरोबर शंभर मिलिग्रॅम भरायला हवं. प्रत्यक्षात २७ अंश सेल्सिअसला, महाराष्ट्रातल्या कोणत्याही लॅबमध्ये सहज आढळणाऱ्या तापमानाला, ते ९९.५५ मिलिग्रॅम भरतं. फरक अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. पण शंभर मायक्रोलिटरच्या पिपेटला जेवढी चूक माफ असते, तिच्या निम्म्याहून जास्त वाटा हा एकटा फरक खाऊन टाकतो. त्यामुळे चांगली पिपेट नापास होऊ शकते आणि त्याहून वाईट म्हणजे, बिघडलेली पास होऊ शकते.

रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये दिवसभर टकटक चालणारी ही पिपेट मूळची जर्मनीतली. मारबुर्ग विद्यापीठात काम करणाऱ्या हाइनरिश श्निट्गर यांनी १९५७मध्ये ती तयार केली. त्याआधी काचेच्या नळीत तोंडाने द्रव ओढत असत. श्निट्गर यांच्या रचनेत स्प्रिंग लावलेला दट्ट्या हवेला वर खेचतो आणि त्या हवेमागोमाग प्लास्टिकच्या टिपमध्ये द्रव चढतो. दट्ट्या आणि द्रव यांची गाठ कधीच पडत नाही. दोघांच्या मध्ये हवेची उशी असते. आजच्या पिपेटही बहुतांशी अशाच चालतात. वरच्या आकड्यांच्या खिडकीत १०० दिसतात, पण ते फक्त दट्ट्या किती सरकणार ते सांगतात. टिपमधून खरोखर किती द्रव बाहेर पडला, हे कळायला तो तोलूनच पाहावा लागतो.

तोलण्याची रीत आयएसओ ८६५५ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेली आहे. काम साधं दिसतं, पण तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. डिस्टिल्ड वॉटर, पिपेट आणि टिप्स रात्रभर काट्याच्याच खोलीत ठेवल्या, की सगळ्यांचं तापमान एक होतं. चाचणी चालू असताना खोलीचं तापमान अर्ध्या अंशापेक्षा जास्त हलता कामा नये, म्हणून एसी मध्येच चालू-बंद करायचा नाही. काटा पाच डेसिमलचा, म्हणजे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा लागतो. त्यावरच्या छोट्या झाकणाच्या भांड्यात तळाशी आधीच थोडं पाणी असतं, म्हणजे आतली हवा दमट राहते.

नवी टिप लावली, की पाणी पाच वेळा आत घेऊन बाहेर सोडायचं. कोरड्या टिपमध्ये पहिल्यांदा पाणी शिरलं, की त्याची थोडी वाफ होते, ती आतल्या हवेचा दाब वाढवते आणि पाणी कमी भरतं. टिप ओली झाली की हा प्रकार थांबतो. मग पिपेट सरळ उभी धरून टिप दोन-तीन मिलिमीटरच बुडवायची, दट्ट्या सावकाश सोडायचा, क्षणभर थांबायचं आणि भांड्याच्या आतल्या भिंतीला टिप टेकवून पाणी सोडायचं. झाकण लावायचं, आकडा स्थिर झाला की लिहायचा, काटा शून्यावर आणायचा आणि पुन्हा तेच. असं दहा वेळा.

एक उदाहरण घेऊ. १० ते १०० मायक्रोलिटरची पिपेट १००वर लावली आहे आणि पाणी २७ अंशांवर आहे. दहा वजनं मिलिग्रॅममध्ये अशी आली: ९८.९२, ९९.०५, ९८.८७, ९९.१०, ९८.९५, ९९.०१, ९८.९०, ९९.०८, ९८.९८ आणि ९९.०४. सरासरी ९८.९९. शाळेतला हिशेब लावला तर पिपेट एक मायक्रोलिटर कमी देते, म्हणजे चूक सुमारे एक टक्का. या आकाराच्या पिपेटला मानक ०.८ टक्के चूक माफ करतं. पिपेट नापास, दुरुस्तीला रवाना.

थोडं थांबून दोन गोष्टी विचारात घेतल्या, की निकाल फिरतो. पहिली म्हणजे पाण्याची घनता. मिलिलिटरला एक ग्रॅम हा हिशेब जवळपास खरा ठरतो तो ४ अंशांना; तापमान वाढलं की पाणी पसरतं आणि २७ अंशांना मिलिलिटरमागे ०.९९६५ ग्रॅमच उरतं. दुसरी गोष्ट म्हणजे हवा. पाण्यात बुडवलेली वस्तू हलकी लागते, तसं हवेत ठेवलेलं पाणीही त्याने बाजूला सारलेल्या हवेच्या वजनाइतकं हलकं लागतं. काटा ज्या पोलादी वजनांनी लावलेला असतो, त्यांच्यावरही हवेचं हे प्लावक बल असतं. पण पोलाद पाण्याच्या आठपट घन असल्यामुळे ते हवा फार कमी हटवतं. त्यामुळे पाण्याचं वजन सुमारे एकदशांश टक्क्याने कमी दिसतं.

या दोन्हींचा मिळून एकच गुणक तयार करून मानकाच्या तक्त्यात दिलेला असतो. त्याला झेड फॅक्टर म्हणतात. समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला २० अंशांसाठी तो १.००२९ आहे, २५ला १.००४० आणि २७ला १.००४५. मिलिग्रॅमला त्याने गुणलं की मायक्रोलिटर मिळतात. पुणं मुंबईपेक्षा उंचावर असल्याने तिथे हवा विरळ असते, पण त्यामुळे गुणकात दहा हजारांत एकाहून कमी फरक पडतो. शंभर मायक्रोलिटरच्या कामात तो सोडून दिला तरी चालतं.

९८.९९ गुणिले १.००४५, म्हणजे ९९.४४ मायक्रोलिटर. चूक ०.५६ मायक्रोलिटर, मर्यादेच्या आत. पिपेट पास.

आता याची उलट बाजू. दुसऱ्या एका पिपेटची सरासरी १००.६० मिलिग्रॅम आली असती, तर साध्या हिशेबाने चूक ०.६ टक्के, म्हणजे पास. गुणकाने मात्र ती १०१.०५ मायक्रोलिटर देते आणि सरळ नापास होते. आणखी एक चूक हमखास घडते: काट्यावर नेमके १००.०० यावेत म्हणून पिपेटचा ॲडजस्टमेंट स्क्रू फिरवला जातो. अशी ‘अचूक’ केलेली पिपेट पुढे वर्षभर ०.४५ टक्के जास्त देत राहते.

तापमान मोजायचं ते पाण्याचं, भिंतीवरच्या घड्याळातलं नव्हे. पण गुणकाचाच विचार केला तर एका अंशाची चूक फार महागात पडत नाही. २७च्या आसपास गुणक अंशामागे दहा हजारांत दोन-तीनच सरकतो. तापमानाचा खरा उपद्रव हवेच्या उशीला होतो. फ्रिजमधून नुकतंच काढलेलं पाणी, गरम हातात बराच वेळ धरलेली पिपेट किंवा अंगावर येणारा एसीचा झोत, यांनी ती उशी आकसते-फुगते आणि प्रत्यक्षात भरणारं पाणीच बदलतं. त्यावर कुठलाही गुणक चालत नाही. अनुभवी तंत्रज्ञ म्हणूनच पिपेट दोन वजनांच्या मध्ये स्टँडवर अडकवून ठेवतो. हातात धरून ठेवली, तर रीडिंग एकाच दिशेने घसरायला लागतात.

सरासरीइतकीच दहा आकड्यांची पांगापांगही बोलकी असते. आपल्या उदाहरणात प्रमाण विचलन ०.०८ मायक्रोलिटर आहे आणि मर्यादा ०.३ची. म्हणजे पिपेट थोडं कमी देते, पण दर वेळी तेवढंच कमी देते. अशा पिपेटचं यंत्र ठणठणीत असतं, फक्त सेटिंग हललेलं असतं. सरासरी कमी आणि शिवाय आकडे एकदा ९८ तर एकदा ९६ असे उड्या मारत असतील, तर स्क्रूला हात लावण्यात अर्थ नसतो. तेव्हा सील किंवा ओ-रिंग झिजलेली असते, किंवा टिप कोनावर घट्ट बसत नसते. खात्री करायला भरलेली टिप उभी धरून वीसेक सेकंद पाहायचं. टोकाशी थेंब जमायला लागला, की गळती नक्की. आधी ती बंद करायची, मग दहा वजनं पुन्हा.

कॅलिब्रेशन फक्त कमाल आकड्यावर होत नाही. निम्म्यावर आणि दहा टक्क्यांवरही होतं. आपल्या पिपेटसाठी म्हणजे ५० आणि १० मायक्रोलिटरवर. दहावर बाष्पीभवन आडवं येतं. एका फेरीत ०.०५ मिलिग्रॅम पाणी उडालं, तर शंभरावर ते नगण्य, पण दहावर अर्धा टक्का. म्हणून पाणी न सोडता तेवढाच वेळ भांडं काट्यावर ठेवून किती घट होते ते पाहतात आणि ती वजनात मिळवतात.

मर्यादांची गंमत इथेच आहे. मानकाच्या २००२च्या आवृत्तीत बदलत्या आकड्याच्या पिपेटला कमाल आकारमानासाठी जेवढे मायक्रोलिटर माफ, तेवढेच खालच्या आकड्यांनाही माफ होते. शंभरावरचे ०.८ मायक्रोलिटर म्हणजे ०.८ टक्के, पण दहावर तेच ०.८ म्हणजे आठ टक्के. अशी पिपेट दहाऐवजी ९.३ देऊनही पास होई. मुळात दहाचीच असलेली पिपेट मात्र ०.१२ मायक्रोलिटरच्या आत बसावी लागते. ज्या लॅबला रोज दहाच मायक्रोलिटर लागतात, तिने शंभराची पिपेट खाली आणून वापरणं म्हणजे पास या शब्दाचा गैरफायदाच.

रक्तातल्या साखरेच्या चाचणीत बऱ्याचदा दहा मायक्रोलिटर सिरम एक मिलिलिटर रिएजंटमध्ये घालतात. स्टँडर्ड आणि रुग्णाचं सिरम दोन्ही एकाच पिपेटने, एकाच बैठकीत घेतले, तर दोन्हीकडे सारखीच तूट येते आणि भागाकारात ती नाहीशी होते. पण स्टँडर्डचा फॅक्टर पूर्वीच, दुसऱ्या पिपेटने काढून मशीनमध्ये साठवलेला असेल, तर तूट थेट रिपोर्टात उतरते. उपाशीपोटीची साखर १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त आली की मधुमेहाचा संशय घेतात, ९.३ मायक्रोलिटरच सिरम पडलं, तर १२६ची साखर ११७ दिसते.

म्हणून कॅलिब्रेशन करून घेणाऱ्या लॅबने सर्टिफिकेटवर फक्त पास शब्द पाहून फाइल बंद करू नये. दुरुस्तीआधीची रीडिंग वेगळी मागून घ्यावीत. पिपेट साफ करून, सील बदलून, स्क्रू फिरवून घेतलेले आकडे चांगले येणारच. गेल्या कॅलिब्रेशनपासून आजपर्यंत रुग्णांचे नमुने ज्या अवस्थेतल्या पिपेटने घेतले गेले, ती अवस्था आधीच्याच दहा आकड्यांत दिसते. ते मर्यादेबाहेर असतील, तर मधल्या काळातल्या कोणत्या चाचण्या त्या पिपेटवर झाल्या, हे रजिस्टर उघडून शोधावं लागतं.