सरासरी एका गुणाने वाढली, पण कोणाची?

समजा, नववीच्या एका वर्गातल्या बारा विद्यार्थ्यांचे बीजगणिताचे गुण आपल्यापुढे आहेत. सहामाहीचा आणि वार्षिक परीक्षेचा, दोन्ही पेपर ४० गुणांचे. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. नावांऐवजी हजेरी क्रमांक आहेत.

| क्र. | सहामाही | वार्षिक |
|---|---|---|
| १ | ३४ | ३६ |
| २ | ३१ | ३३ |
| ३ | ३० | २१ |
| ४ | २८ | ३० |
| ५ | २६ | २९ |
| ६ | २५ | १६ |
| ७ | २२ | २५ |
| ८ | २० | २२ |
| ९ | १८ | २१ |
| १० | १५ | १७ |
| ११ | १३ | २४ |
| १२ | १० | १० |

बेरीज केली तर सहामाहीचे एकूण गुण २७२ आणि वार्षिकचे २८४ येतात. म्हणजे सरासरी बरोबर एका गुणाने वाढली. निकालाच्या बैठकीत ‘वर्गाची किंचित प्रगती’ एवढी नोंद होईल आणि विषय संपेल. पण या बारा जणांपैकी एकाचेही गुण एका गुणाने वाढलेले नाहीत. बहुतेकांचे दोन-तीन गुणांनी वाढले, दोघांचे नऊने घसरले, एकाचे अकराने वाढले आणि एक जण होता तिथेच राहिला. तक्त्यात हे सगळं आहे, पण ते दिसायला प्रत्येक ओळीत मनातल्या मनात वजाबाकी करावी लागते. आधीच्या ओळीचं उत्तर लक्षात ठेवून पुढच्या ओळीवर जायचं. चार मुलांचं जमतं. बाराव्या ओळीपर्यंत तिसरीचं उत्तर विसरलेलं असतं.

हेच आकडे आलेखकागदावर मांडू. डावीकडे एक उभी रेघ सहामाहीची, तिच्यापासून दहा सेंटिमीटरवर दुसरी वार्षिकची. दोन्हींवर ० ते ४० ची एकच मोजपट्टी, दर गुणाला अर्धा सेंटिमीटर. प्रत्येक विद्यार्थ्याचा डावीकडे एक ठिपका, उजवीकडे एक, आणि दोन्ही जोडणारी सरळ रेषा. रेषेच्या दोन्ही टोकांना क्रमांक आणि गुण लिहायचे. यालाच स्लोप चार्ट म्हणतात. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ साली आपल्या पुस्तकात असा आलेख दिला होता. १९७० आणि १९७९ मध्ये पंधरा देशांच्या सरकारांचा महसूल सकल देशांतर्गत उत्पादनाच्या किती टक्के होता, हे त्यात होतं. आकडे रेषांच्या टोकांनाच लिहिलेले असल्यामुळे तो एकाच वेळी तक्ताही होता आणि चित्रही.

आपल्या चित्रात नऊ रेषा जवळजवळ समांतर, जराशा वर चढत जातात. त्यांतली फक्त एक ताठ चढते. क्रमांक ३ आणि ६ च्या रेषा या प्रवाहाला छेदून खाली येतात. क्रमांक ११ ची ताठ रेषा खालून उठते आणि ३, ६, ८, ९, १० अशा पाच जणांना ओलांडते. क्रमांक १२ ची रेषा तळाशी आडवी पडलेली असते. हे कळायला वजाबाकी लागत नाही, कारण समांतर रेषांमधली आडवी गेलेली रेषा डोळा आपोआप टिपतो.

यावर कोणी म्हणेल, तक्त्यात ‘फरक’ नावाचा तिसरा रकाना घाला आणि त्यानुसार क्रम लावा, झालं काम. ‘सर्वांत जास्त कोण घसरलं’ एवढाच प्रश्न असेल तर खरंच झालं. पण त्या यादीत क्रमांक ३ आणि ६ शेजारी बसतात, दोघांसमोर उणे नऊ. प्रत्यक्षात एक जण वरच्या गटातून मध्यावर आला, तर दुसरा मध्यावरून तळाच्या तिघांत. दोघांना लागणारी मदत वेगळी आहे. कुठून निघाला, किती सरकला आणि तेव्हा आजूबाजूचे कुठे जात होते, हे तिन्ही प्रश्न एकदम पडतात तेव्हा स्लोप चार्ट तक्त्यावर मात करतो.

इतर वेळी तक्ताच बरा. पालकसभेत एका मुलाचे गुण सांगायचे असतील, प्रगतिपुस्तक भरायचं असेल, किंवा सहा विषय आणि चार चाचण्या एकत्र पाहायच्या असतील, तर चित्र आडवंच येईल. साठ मुलांच्या वर्गाच्या साठ रेषा सारख्याच जाडीने काढल्या तर कागदावर नुसता गुंता उरतो. तेव्हा सगळ्या रेषा फिकट काढून फक्त सहा-सात गुणांपेक्षा जास्त हललेल्या ठळक कराव्यात, किंवा वर्गाचे तीन गट करून तीन वेगळे आलेख काढावेत. संगणकावर ‘एक्सेल’मध्ये साधा रेषालेख निवडला की बहुतेक वेळा बारा विद्यार्थ्यांऐवजी दोन परीक्षांच्या दोन रेषा येतात. `Switch Row/Column` दाबलं की प्रत्येक विद्यार्थ्याची रेषा वेगळी होते.

काढताना दोन चुका नेहमी होतात. गैरहजर मुलाला शून्य दिलं की नसलेली भयंकर घसरण दिसते. त्याचा फक्त एकच ठिपका ठेवावा, रेषा काढू नये. दुसरी चूक गुणांऐवजी वर्गातला नंबर मांडण्याची. मधल्या गर्दीत एकेका गुणावर तीन-चार जण असतात, त्यामुळे दोन गुण कमी पडले तरी मूल सात-आठ नंबर खाली जातं आणि रेषा उगाच कोसळते.

चित्र नीट काढलं तरी वाचताना सावध राहावं लागतं. वार्षिकचा पेपर अवघड असेल तर सगळ्याच रेषा खाली जातील. तेव्हा चढउतार न पाहता शेजारच्या रेषांपेक्षा कोण वेगळं गेलं ते पाहायचं. दोन-तीन गुणांच्या हालचालीला तर काहीच अर्थ देऊ नये. तेवढा फरक एखाद्या उदाहरणातल्या हातच्याच्या चुकीनेही पडतो. आणखी एक चकवा फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीच्या अभ्यासात दाखवून दिला होता. एका मोजणीत फार वर किंवा फार खाली असलेले दुसऱ्या मोजणीत मध्याकडे सरकलेले दिसतात. सहामाहीत फार वर असलेल्यांपैकी काहींना त्या दिवशी नशिबाची साथ होती, तळाच्या काहींना नव्हती. पुढच्या वेळी ती साथ तशीच राहत नाही. म्हणून क्रमांक ११ ची सगळी चढण जादा तासांच्या खात्यावर मांडण्याआधी थांबावं. क्रमांक ६ ला मात्र हा खुलासा पुरत नाही. तो आधीच मध्याजवळ होता आणि मध्यापासून दूर खाली गेला.

का गेला, ते आलेखात नाही. वार्षिकमध्ये दुसऱ्या सत्राचे धडे असतात, म्हणून ३ आणि ६ च्या उत्तरपत्रिका काढून प्रश्नवार गुण पाहावेत. दोघांचेही गुण ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ याच धड्यावर गेले असतील, तर तो धडा पुन्हा घ्यावा लागेल. सगळ्याच प्रश्नांत थोडेथोडे गेले असतील, तर बीजगणिताऐवजी त्या मुलाची हजेरी आणि तब्येत विचारावी लागेल. बारा उत्तरपत्रिकांपैकी नेमक्या कोणत्या दोन आधी उघडायच्या, एवढं या आलेखाने सांगितलं.