शून्याचे वजन : पीक विम्याच्या भरपाईचे गणित

बीड जिल्ह्यात खरीप संपला की गावोगावी एकच चर्चा सुरू होते. विमा कुणाला लागला, कुणाला नाही, आणि लागला तर किती. दोन महसूल मंडळांमध्ये फक्त एक ओढा असतो. अलीकडच्या शिवारात हेक्टरी काही हजार रुपये जमा होतात आणि पलीकडे एक रुपयाही येत नाही. २०२० च्या खरिपात तर वेगळाच पेच उभा राहिला. बीडमध्ये पीक विमा उतरवायला खासगी कंपन्या पुढे येईनात. अखेर सरकारी मालकीच्या भारतीय कृषी विमा कंपनीला बरोबर घेऊन राज्याने एक नवी पद्धत लावली. ‘८०:११०’ किंवा ‘बीड पॅटर्न’ म्हणून ती पुढे देशभर ओळखली गेली.

कंपन्या का बिचकल्या, आणि ११० या आकड्याने काय साधले, हे समजायला संख्याशास्त्रातला एक छोटा पण फसवा हिशेब लागतो. जी रक्कम बऱ्याचदा अगदी शून्य असते आणि उरलेल्या वेळी कितीही असू शकते, तिची सरासरी आणि तिचा चढउतार कसा काढायचा, हा तो हिशेब.

भरपाई ठरते कशी?

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उत्पादनावर आधारित भरपाई एकेका शेताची पाहणी करून ठरत नाही, ती सगळ्या मंडळासाठी मिळून ठरते. मंडळातल्या निवडक शेतांत पीक कापणी प्रयोग होतात आणि त्यातून हेक्टरी सरासरी उत्पादन निघते. दुसरीकडे मागच्या ७ वर्षांतल्या चांगल्या ५ वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीमस्तराने गुणतात. महाराष्ट्रात हा स्तर ७० टक्के ठेवला गेला आहे. येणारा आकडा म्हणजे उंबरठा उत्पादन.

प्रत्यक्ष उत्पादन उंबरठ्याइतके किंवा त्याहून जास्त आले, तर भरपाई शून्य. कमी आले, तर उंबरठ्याच्या तुलनेत जितके टक्के तूट, तितके टक्के विमा संरक्षित रक्कम.

म्हणजे भरपाई ही दोन तुकड्यांची राशी आहे. एक तुकडा नेमक्या शून्यावर बसलेला असतो. अनेक वर्षे, कधी चांगल्या तर कधी बेताच्या पिकाची, त्या एकाच बिंदूवर येऊन साचतात. दुसरा तुकडा शून्याच्या पुढे सलग पसरलेला असतो. तिथे ७,३१२ रुपयेही येऊ शकतात आणि १८,०४५ ही. संख्याशास्त्रात पहिल्याला बिंदूवरचे वजन म्हणतात आणि दुसऱ्याला घनता. वजन आणि घनता यांची बेरीज मिळून १ व्हायला हवी, हा पहिला नियम.

एका मंडळाचा हिशेब

हिशेब सोपा राहावा म्हणून सोयाबीनचे एक काल्पनिक मंडळ घेऊ. उंबरठा हेक्टरी १,००० किलो, विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये. दहापैकी ७ वर्षे उत्पादन उंबरठ्याच्या वर राहते. उरलेल्या ३ वर्षांत ते ४०० ते १,००० किलोंमध्ये कुठेही, सारख्याच शक्यतेने येते. याचा अर्थ तूट ० ते ६० टक्के, आणि भरपाई ० ते ३०,००० रुपये. पुढे सगळे आकडे हजार रुपयांत धरू, म्हणजे भरपाई ० ते ३०.

आधी सरासरी, म्हणजे अपेक्षित मूल्य. नुकसानीच्या वर्षांत भरपाई ० ते ३० मध्ये सारखी पसरलेली असल्याने तिथली सरासरी १५. अशी वर्षे १० पैकी ३, म्हणून ०.३ × १५ = ४.५. शून्याच्या वर्षांची भर ०.७ × ० = ०. एकूण अपेक्षित भरपाई हेक्टरी ४,५०० रुपये.

इथे एक जुनी चूक दबा धरून बसलेली असते. शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच, मग ती वर्षे हिशेबात धरायचीच कशाला, असे वाटते. पण शून्य वर्षे सोडून दिली तर घनतेची बेरीज ०.३ ऐवजी १ धरली जाते आणि उत्तर १५ येते, म्हणजे खऱ्या उत्तराच्या तिपटीहून जास्त. शून्य बेरजेत काही घालत नाही, पण उरलेल्या वर्षांचा वाटा तेच ठरवते. ‘विमा लागला त्यांना सरासरी १५ हजार मिळाले’ आणि ‘विमा सरासरी साडेचार हजार देतो’ ही दोन्ही विधाने खरी आहेत, पण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

चढउतार कुठून येतो?

आता प्रचरण, म्हणजेच व्हेरिअन्स. सरासरीपासून आकडे किती लांब पसरतात याचे ते माप. ते काढायची सोपी वाट अशी : आधी राशीच्या वर्गाची सरासरी काढायची आणि तिच्यातून सरासरीचा वर्ग वजा करायचा.

० ते ३० मध्ये सारख्या पसरलेल्या राशीच्या वर्गाची सरासरी ३० × ३० ÷ ३ = ३००. अशी वर्षे ३० टक्के, म्हणून ०.३ × ३०० = ९०. शून्याचा वर्ग शून्यच. सरासरीचा वर्ग ४.५ × ४.५ = २०.२५. वजाबाकी ६९.७५. याचे वर्गमूळ साधारण ८.३५. म्हणजे सरासरी साडेचार हजार आणि प्रमाण विचलन साधारण ८,३५० रुपये. चढउतार सरासरीच्या जवळपास दुप्पट.

चूक झाली की नाही, हे ओळखायची इथे एक चांगली खूण आहे. घाईत कुणी ९० मधून नुकसानीच्या वर्षांच्या सरासरीचा वर्ग, म्हणजे १५ × १५ = २२५ वजा केला, तर उत्तर उणे १३५ येते. प्रचरण कधीच उणे असू शकत नाही. असे उत्तर आले की समजावे, एक आकडा सगळ्या वर्षांचा आणि दुसरा फक्त नुकसानीच्या वर्षांचा घेतला गेला आहे.

दुसरी चूक अशी धोक्याची घंटा वाजवत नाही. नुकसानीच्या वर्षांतले प्रचरण ३०० − २२५ = ७५ येते. त्याला ०.३ ने गुणून २२.५ मिळतात आणि अनेकजण तिथेच थांबतात. उत्तर दिसायला ठीकठाक, पण खऱ्या ६९.७५ च्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. राहून गेलेला भाग म्हणजे ‘लागला की नाही लागला’ या उडीचा. तो ०.३ × ०.७ × २२५ = ४७.२५ इतका आहे. २२.५ आणि ४७.२५ मिळवले की ६९.७५ बरोबर जुळते. या उदाहरणात अनिश्चिततेचा दोन तृतीयांश वाटा किती मिळेल यातून येतच नाही. तो मिळेल की नाही यातून येतो.

कंपनीची भीती

कंपनीने हेक्टरी ५,००० रुपये हप्ता घेतला असे धरू. अपेक्षित भरपाई ४,५०० असल्याने हिशेब फायद्याचा दिसतो. शिवाय १०,००० हेक्टर विमा असेल तर चढउतार आपसांत विरून जातील, असे वाटणे साहजिक आहे. वाहन अपघातांसारख्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या घटनांत तसे होतेही. तिथे हेक्टरी प्रमाण विचलन १०,००० च्या वर्गमुळाने, म्हणजे १०० ने भागले जाऊन ८४ रुपयांवर उतरले असते.

पण मंडळातले सगळे हेक्टर एकाच आकड्याने बांधलेले आहेत. तूट आली की सगळ्यांना आली. १०,००० हेक्टर मिळून अपेक्षित भरपाई साडेचार कोटी, प्रमाण विचलन ८.३५ कोटी, आणि सर्वांत वाईट वर्षी देणे ३० कोटी, तेही ५ कोटींच्या हप्त्यावर. शेजारची मंडळेही त्याच पावसावर अवलंबून असतात. पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात खंड पडला तर तो आष्टी-पाटोद्यापासून केज-धारूरपर्यंत एकाच वेळी पडू शकतो. मंडळे वाढवली तर चढउतार थोडा कमी होतो, पण विरून जात नाही.

त्यात भर म्हणजे ०.३ हा आकडाही पक्का नसतो. दहा वर्षांच्या नोंदीवरून काढलेल्या या प्रमाणात साधारण ०.१५ ची प्रमाण त्रुटी असते. म्हणजे अपेक्षित भरपाई २,३०० ही असू शकते आणि ६,७०० ही. ५,००० चा हप्ता पुरेसा आहे की तोट्याचा, हे नोंदी सांगूच शकत नाहीत.

११० ने काय केले?

बीड पॅटर्नमध्ये कंपनीची जबाबदारी जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांवर थांबते आणि वरचा भार राज्य उचलते. भरपाई ८० टक्क्यांहून कमी झाली, तर कंपनी हप्त्याच्या २० टक्के ठेवून उरलेले पैसे राज्याला परत देते. प्रत्यक्षात हा हिशेब एका मंडळाचा नसतो, एकत्रित असतो, पण आपले मंडळच पूर्ण जिल्हा मानू.

हप्ता ५, म्हणून मर्यादा ५.५. कंपनीच्या देण्यात आता दोन ठिकाणी वजन साचते : शून्यावर ०.७ आणि ५.५ वर ०.२४५. मधल्या पट्ट्यात उरते फक्त ०.०५५. पद्धत तीच. ५.५ × ०.२४५ म्हणजे १.३५, आणि मधल्या पट्ट्याचे ०.१५, मिळून कंपनीचे अपेक्षित देणे १.५. तसाच वर्गांचा हिशेब केला तर प्रमाण विचलन २.३९ येते. आधी ते ८.३५ होते.

बाकीचे ३ हजार राज्याच्या अंगावर आले. उलट, कमी भरपाईच्या वर्षांत राज्याला हप्त्यातून परत मिळणारी रक्कम मोजली, तर तीही सरासरी २.८८ हजार निघते. या उदाहरणात राज्याचे देणे-घेणे जवळपास बरोबरीत सुटते. बदलले ते एवढेच, की चढउतार सोसायचे काम कंपनीकडून राज्याकडे गेले. वेगळे उंबरठे, वेगळे हप्ते घेतले तर ही बरोबरी मोडू शकते. आणि दुष्काळी वर्षांतली तूट सारखी पसरलेली नसून मोठ्या आकड्यांकडे झुकलेली असेल, तर राज्याचा भार वाढतो.

शेतकऱ्याच्या बाजूला मात्र यातून काहीच बदलत नाही. त्याच्या भरपाईची सरासरी ४,५०० च राहते आणि प्रमाण विचलन ८,३५० च. दहा वर्षांत सात वेळा त्याच्या खात्यात शून्य येणार, आणि उरलेल्या तीन वेळाही नेमके ४,५०० येतील असे नाही. सरासरी भरपाई त्याच्या खात्यात बहुधा कोणत्याच वर्षी जमा होत नाही.