करार इंग्रजीत, सही आपली
नोकरीच्या कराराचा मराठी अनुवाद करताना काय जपावे?

महाडजवळच्या एका गावचे सुतारकाम करणारे भाई काही दिवसांपूर्वी प्रस्तुत लेखकाकडे कागदांचे दोन गठ्ठे घेऊन आले. एक होता शारजामधील फर्निचर कारखान्याचा नोकरीचा करार, इंग्रजीत, चौदा पानी. दुसरा त्याचाच मराठी अनुवाद, हाताने लिहिलेला, अवघा चार पानी. अनुवाद वाचून घरच्यांनी हिशेब मांडला होता : महिना १,५०० दिरहम हातात, वर राहायला खोली, आणि काढायचे झाले तर कंपनीला तीस दिवस आधी सांगावे लागेल. सही करायला चार दिवस उरले होते.

मूळ करार वाचल्यावर या तिन्ही गोष्टी चुकीच्या निघाल्या. कंपनीने काही लपवले नव्हते, सर्व इंग्रजीत लिहिलेलेच होते. ते अनुवादात सांडले होते. अनुवाद करणारा इंग्रजी जाणणारा होता आणि त्याने एक पैसाही घेतला नव्हता. त्याने कराराचा 'सारांश' केला, आणि चूक तिथेच झाली. गोष्टीचा सारांश चालतो. करारात कोणी कोणाला काय देणे लागतो हे लिहिलेले असते, तिथे एक शब्द गळाला की एक देणे गळते.

आधी सांगाडा, मग मजकूर

चौदा पानी करारात एकोणीस कलमे होती आणि प्रत्येकाची पोटकलमे : ४.१, ४.२, ५.१ अशी. चार पानी अनुवादात मात्र १ ते ३१ असे सरळ आकडे होते. वाचायला सोपे, पण कामाचे नाही. कराराची कलमे एकमेकांना हाका मारीत असतात. मूळ ११.२ मध्ये लिहिले होते की, कलम ४.२ च्या अधीन राहून, दोहोंपैकी कोणत्याही पक्षाला कमीत कमी तीस दिवसांची लेखी सूचना देऊन करार संपवता येईल. अनुवादात ४.२ हा क्रमांकच उरला नव्हता, म्हणून 'अधीन राहून' हे शब्दही गाळले गेले.

आणि ४.२ मध्ये होते काय? परीक्षाकालाचा नियम. पहिल्या सहा महिन्यांत कंपनी चौदा दिवसांची लेखी सूचना देऊन काढू शकते. कामगार त्याच देशात दुसऱ्या मालकाकडे जाणार असेल तर त्याने एक महिना आधी कळवायचे, मायदेशी परतणार असेल तर चौदा दिवस आधी. हे सर्व संयुक्त अरब अमिरातीच्या २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या कामगार कायद्याला धरूनच होते. पण कर्ज काढून निघालेल्या माणसाला तीस दिवस आणि चौदा दिवस यांतला फरक आधी कळायला हवा.

म्हणून अनुवाद सुरू करण्यापूर्वी कोऱ्या कागदावर फक्त कलमांचे क्रमांक उतरवावेत, एकही शब्द न लिहिता. मग एका कलमात दुसऱ्याचा उल्लेख कुठे कुठे आहे त्याची यादी करावी. या करारात असे बावीस उल्लेख निघाले. अनुवाद पुरा झाल्यावर हे बावीसही त्याच क्रमांकांकडे बोट दाखवीत असले पाहिजेत. एखादे वाक्य मराठीत फार लांब झाले तर त्याची दोन वाक्ये करावीत, पण दोन्ही त्याच क्रमांकाखाली ठेवावीत. नवा क्रमांक घालू नये आणि जुना वगळू नये.

पोटकलमांची अक्षरे हा आणखी एक चकवा आहे. इंग्रजी ए, बी, सी यांसाठी आपण शाळेतल्यासारखे अ, ब, क लिहितो, तर मराठीतील काही कायदेग्रंथांत क, ख, ग असा क्रम असतो. म्हणजे 'क' हे अक्षर एका पद्धतीत तिसरे, तर दुसऱ्या पद्धतीत पहिले. एक जण अनुवाद करतो, दुसरा टंकलेखन करतो, आणि मधल्या मध्ये पद्धत बदलते. कोणतीही एक धरावी आणि ती पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

इंग्रजीत पुष्कळदा एकच लांब वाक्य (अ), (ब), (क) अशा तुकड्यांत पसरलेले असते आणि शेवटी एक ओळ तिन्ही तुकड्यांना लागू असते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने ती ओळ नकळत (क) च्या शेपटीला चिकटते आणि अट फक्त (क) पुरती उरते. यावर उपाय सोपा आहे. मुख्य विधान आधी पूर्ण करावे, 'पुढील प्रकरणी करार संपवता येईल :' असे. खाली तुकडे द्यावेत, आणि शेवटची सामाईक ओळ वेगळ्या परिच्छेदात, क्रमांकाविना, 'वरील (अ), (ब) व (क) या सर्व प्रकरणी' असे म्हणून लिहावी.

'करील' आणि 'करू शकेल'

इंग्रजी करारात दोन छोटे शब्द सर्वांत जड असतात : 'शॅल' आणि 'मे'. पहिला म्हणजे करणे बंधनकारक, दुसरा म्हणजे करणे त्या पक्षाच्या मर्जीवर. आपल्या या भाईंच्या करारात ५.१ प्रमाणे मूळ पगार ९०० दिरहम, ५.२ प्रमाणे जेवणाचा भत्ता ३०० आणि ५.३ प्रमाणे राहण्याचा भत्ता ३०० होता. एकूण १,५०० बरोबर. पण ६.१ मध्ये म्हटले होते की कंपनी आपल्या मर्जीनुसार राहण्याची सोय 'मे प्रोव्हाइड', म्हणजे करू शकेल, आणि तशी सोय केल्यास ५.३ चा भत्ता बंद होईल. अनुवादात उतरले, 'कंपनी राहण्याची सोय करील.' मर्जी गेली, भत्ता बंद होण्याची ओळही गेली. घरच्यांनी खोलीही धरली आणि तिचे पैसेही धरले. प्रत्यक्षात खोली मिळाली तर हातात १,२००, न मिळाली तर १,५००, आणि दोन्हींपैकी काय ते कंपनी ठरवणार.

कायद्याच्या मराठीत 'शॅल'साठी 'करील' लिहिण्याची रूढी आहे. पण साधा वाचक 'कंपनी देईल' याला नुसते आश्वासन समजतो. त्यामुळे कामगाराच्या हाती द्यायच्या अनुवादात 'देणे कंपनीवर बंधनकारक राहील' असे लिहिणे बरे. एक पथ्य मात्र पाळावे : एकदा हा शब्दप्रयोग धरला की प्रत्येक ठिकाणी तोच वापरावा. पाच ठिकाणी 'बंधनकारक राहील' आणि सहाव्या ठिकाणी 'देईल' असे लिहिले, तर उद्या कोणी म्हणेल की सहावे देणे सक्तीचे नव्हतेच. 'मे नॉट'चा अर्थ 'कदाचित करणार नाही' असा होत नाही, तो 'करता येणार नाही' असा मनाईचा असतो. ही चूक लेखकाने अनेकदा पाहिली आहे.

एका वस्तूला एकच नाव

शाळेत निबंध लिहिताना तोच शब्द पुन्हा येऊ नये असे शिकवतात. करारात उलटे आहे. 'बेसिक वेज'ला 'मूळ पगार' म्हटले की शेवटच्या पानापर्यंत 'मूळ पगार'च. त्या जुन्या अनुवादात तो कधी 'पगार', कधी 'वेतन', कधी 'मजुरी' होता. त्याची किंमत १२.१ मध्ये दिसते. तिथे सेवा संपल्यावर मिळणाऱ्या रकमेचा नियम होता : एक वर्ष सलग नोकरी झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी एकवीस दिवसांचा मूळ पगार. अनुवादात फक्त 'एकवीस दिवसांचा पगार'.

तीस दिवसांचा महिना धरून हिशेब करा. मूळ पगार ९००, म्हणजे दिवसाला ३० दिरहम. एकवीस दिवसांचे ६३०, तीन वर्षांचे १,८९०. हाच हिशेब एकूण १,५०० वर केला तर दिवसाला ५०, वर्षाला १,०५०, तीन वर्षांचे ३,१५०. एक 'मूळ' शब्द गाळल्याने १,२६० दिरहमांची खोटी आशा निर्माण झाली.

यासाठी अनुवादाआधी शब्दांचा तक्ता करावा : डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे ठरवलेला मराठी शब्द. या करारासाठी चाळीसच्या आसपास शब्द पुरले. दिवसांच्या बाबतीत 'कामाचे दिवस' आणि 'सलग दिवस' हे वेगळे लिहावेत, 'तीस दिवस' याचा 'एक महिना' करू नये, आणि मुदतीत शेवटचा दिवस धरलेला असेल तर 'त्या दिवशी किंवा त्यापूर्वी' असे स्पष्ट लिहावे.

तपासणी आणि मर्यादा

अनुवाद झाल्यावर मूळ करार बाजूला ठेवून दुसऱ्या जाणकाराकडून पगार, सूचना, रजा, दंड आणि करारसमाप्ती ही कलमे मराठीतून पुन्हा इंग्रजीत करून घ्यावीत व मुळाशी ताडून पाहावीत. त्याशिवाय प्रत्येक कलमातील बंधने मोजावीत. मुळात कंपनीवर तीन आणि कामगारावर दोन बंधने असतील, तर मराठीतही तीन आणि दोनच हवीत.

अनुवादकाने न्यायाधीश होऊ नये. एखादे कलम जाचक वाटले म्हणून ते मऊ करू नये, संदिग्ध असेल तर आपल्या समजुतीने उलगडू नये. मुळात जेवढी संदिग्धता तेवढीच मराठीत ठेवावी आणि आपली शंका वेगळ्या कागदावर क्रमांकासह लिहून द्यावी. तो कागद घेऊन कामगार कंपनीला विचारू शकतो.

आणखी एक गोष्ट. अमिरातीत करार अरबी भाषेबरोबर दुसऱ्या भाषेत असला आणि दोहोंत फरक पडला, तर अरबी मजकूर ग्राह्य धरला जातो. तिथल्या सरकारने २०१६ पासून नोकरीच्या प्रस्तावपत्रात अरबी आणि इंग्रजीसोबत कामगाराला समजणारी तिसरी भाषा ठेवण्याची सोय केली. तेव्हाच्या यादीत हिंदी व उर्दू होत्या, मराठी नव्हती. तेव्हा मराठी अनुवाद हा समजण्यासाठी आहे, भांडण्यासाठी नाही. तसे त्याच्या पहिल्या पानावर लिहावे आणि सही मूळ करारावरच करावी.

भाईंसाठी नवा अनुवाद झाला तो सोळा पानी. शंकांचा कागद अर्ध्या पानाचा होता आणि त्यात पहिला क्रमांक ६.१ चा. त्यांनी तो एजंटामार्फत पाठवला. तीन दिवसांनी उत्तर आले : कंपनी खोली देणार आहे, ५.३ चा भत्ता मिळणार नाही. भाईंनी घरी बसून १,२०० वर पुन्हा हिशेब मांडला. कर्जाचा हप्ता कमी करून घेतला, आणि मग सही केली.