नर की मादी, हे वाळू ठरवते

अमरगोळहून धारवाड, हल्याळ करत दांडेलीला पोचलं की काळी नदीच्या खडकांवर मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात. माणसाच्या पोटी मुलगा की मुलगी, हे गर्भधारणेच्या क्षणी गुणसूत्रं ठरवतात. मगरींत तशी लिंगगुणसूत्रंच नसतात. अंडं घातलं तेव्हा आतला जीव नरही होऊ शकतो, मादीही. निकाल लागतो तो पुढच्या काही आठवड्यांत, घरट्याच्या तापमानावर. सागरी कासवांचंही असंच असतं. १९६६ मध्ये मादलेन शार्निए या फ्रेंच संशोधिकेनं सेनेगलमध्ये एका सरड्याच्या अंड्यांत हा प्रकार प्रथम नोंदवला.

आपल्याकडे ही गोष्ट जवळून पाहायची तर कोकणात, वेळासला जावं. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना हाताशी धरून तिथली ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. रात्री मादी पुळणीवर येते, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि परत समुद्रात जाते. कोल्हीकुत्र्यांच्या भीतीनं कासवमित्र पहाटे ती अंडी उचलून कुंपण घातलेल्या हॅचरीत तशाच खड्ड्यात पुरतात. उचलताना अंडं उलटंपालटं करायचं नाही, आणि उशीरही करायचा नाही, कारण काही तासांतच गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटू लागतो. मग धक्क्यानं तो मरतो.

पिल्लं बाहेर यायला साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. पण लिंग ठरतं ते यातल्या मधल्या एक तृतीयांश काळात. तेव्हा वाळू ऊबदार असेल, तर अरोमाटेज नावाचं विकर नर-संप्रेरकाचं रूपांतर मादी-संप्रेरकात करतं आणि बीजांडकोश घडतो. थंड असेल, तर वृषण घडतात. रिडलेंमध्ये हा तोल साधारण २९ ते ३१ अंशांच्या दरम्यान, जागेनुसार थोडा मागेपुढे, फिरतो. त्याखाली बहुतेक नर, त्यावर बहुतेक माद्या. सगळा खेळ दोन-तीन अंशांचा.

आता दोन घरटी घेऊ. एक १५ डिसेंबरचं, चोपन्न दिवसांत फुटणारं. त्याचा निर्णायक काळ २ ते २० जानेवारी, म्हणजे कोकणातल्या थंडीचा. दुसरं १५ मार्चचं. गरम वाळूत वाढ लवकर होते, म्हणून ते अठ्ठेचाळीस दिवसांचं धरू. त्याचा निर्णायक काळ ३१ मार्च ते १६ एप्रिल. एकाच किनाऱ्यावर पहिल्यातून नर निघण्याचा संभव जास्त, दुसऱ्यातून माद्यांचा. हंगाम नोव्हेंबर ते मार्च असा लांब असल्यामुळे दोन्ही मिळतात. वाळू सरसकट तापली, तर आधी या नर देणाऱ्या दिवसांवरच गदा येते.

ही गदा डोळ्यांना दिसत नाही, हे मला सर्वांत धोक्याचं वाटतं. पिल्लू नर की मादी हे बाहेरून कळत नाही. मेलेल्या पिल्लाची जननग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. सगळ्या माद्या असल्या तरी घरटं भरभरून फुटतं, पाहणारे टाळ्या वाजवतात. वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे तुटवडा उशिरा जाणवतो. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागात जन्मलेल्या हिरव्या कासवांच्या २०१८ सालच्या अभ्यासात प्रौढांमध्ये सुमारे ८७ टक्के माद्या होत्या, तर कोवळ्या वयाच्या कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त. पिढ्यांमधला हा फरकच काय घडतंय ते सांगतो. वाळू आणखी तापली, तर लिंगाचा प्रश्नच उरत नाही. पस्तीस अंशांच्या पुढे बराच काळ राहिलेली अंडी आतच मरतात.

मगरीचं गणित वेगळं आहे. मद्रास क्रोकोडाइल बँकेत लँग, अँड्र्यूज आणि व्हिटेकर यांनी ठरावीक तापमानांत अंडी उबवून पाहिली. २८ ते ३१ अंशांवर सगळ्या माद्या, ३२.५ अंशांवर सगळे नर, ३३ ला पुन्हा दोन्ही. म्हणजे नरांचा पट्टा अगदी अरुंद, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माद्या. थंड घरट्यांच्या जागी थोडी ऊब वाढली तर आधी नर वाढतील, आणखी वाढली तर पुन्हा माद्या. ‘उष्णता वाढली की माद्या वाढतात’ हे कासवांचं वाक्य मगरींना सरळ लावता येत नाही.

हॅचरीत उपाय करता येतो. अंड्यांच्या खोलीवर तापमान नोंदवणारं यंत्र पुरायचं आणि मधल्या काळात गरज पडेल तेवढीच जाळीची सावली धरायची. सावली फार झाली तर सगळेच नर होतील, तेही नकोच, म्हणून आकडे पाहिल्याशिवाय जाळी टाकू नये. नदीकाठच्या मगरीसाठी असं कुणी करत नाही. उतारावर कुठे, किती खोल, झाडाच्या सावलीत की उन्हात खणायचं, हे ती स्वतःच ठरवते. काठाची झाडं तोडली आणि उतार बांधून काढला, तर तिच्यापुढे निवडायला जागाच राहत नाही.