दोन कागद, दोन नावे

दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘देशमुख सुनीता वसंत’, आधारवर ‘सुनीता रमेश पाटील’. पासपोर्टचा अर्ज अडकायला एवढे पुरते. राज्य मंडळ आडनाव आधी छापते, हा फरक किरकोळ. पण लग्नानंतर वडिलांच्या नावाची जागा पतीच्या नावाने घेतली की संगणकाला आणि कारकुनालाही त्या दोन वेगळ्या बायका वाटतात.

अशा वेळी मदतकक्षाला बहुतेक जण लांबलचक कैफियत लिहितात आणि फाइल क्रमांकच विसरतात. त्याविना पलीकडच्या माणसाला अर्ज सापडत नाही. कामाचा मजकूर असा असतो: ‘फाइल क्रमांक अमुक. गुणपत्रिकेवर लग्नाआधीचे नाव आहे, आधारवर लग्नानंतरचे. दोन्ही नावे माझीच असून जन्मतारीख एकच आहे. विवाह नोंदणीचा दाखला सोबत जोडला आहे. पासपोर्ट आधारवरील नावाने हवा आहे. आणखी कोणता कागद लागेल, ते कळवावे.’

दोन्ही नावे कागदावर आहेत तशीच, अक्षरन् अक्षर लिहायची. स्पेलिंगमधला एक a इकडचा तिकडे झाला, तर तिसरेच नाव तयार होते! विवाहाच्या दाखल्यावर लग्नाआधीचे नाव पूर्ण आहे ना, तेही पाहावे. ते नसेल तर दोन नावांमधला दुवाच तुटतो. आधारची प्रत द्यावी लागलीच, तर शेवटचे चारच आकडे दिसणारी द्यावी.

मदतकक्ष अर्जाची स्थिती आणि पुढची पायरी सांगतो. नाव मान्य करण्याचा अधिकार मात्र पासपोर्ट कार्यालयाचा असतो.