हँडओव्हरच्या ईमेलमधले टोमणे

रात्रपाळी संपवून निघणाऱ्याने सकाळच्या पाळीला अर्धवट कामाची माहिती लिहून देणे, याला आयटी सपोर्टच्या टीममध्ये हँडओव्हर म्हणतात. कोणती तिकिटे उघडी आहेत, ग्राहकाला काय कळवले आहे आणि पुढे काय करायचे, एवढे त्यात असले की पुरते. एखादा सहकारी ते वारंवार चुकवू लागला की त्याला ईमेल जातो आणि साठलेला राग सभ्य शब्दांच्या आडून त्यात उतरतो. उदाहरणार्थ, हा मसुदा :

'आधीच्या ईमेलमध्ये लिहिल्याप्रमाणे हँडओव्हर देणे अपेक्षित आहे. कदाचित ते तुमच्या नजरेतून सुटले असावे. नेहमीप्रमाणे आजही आम्हीच सगळे शोधून काढले. पुढच्या वेळी जमल्यास बघावे. आगाऊ धन्यवाद.'

यात एकही शब्द उद्धट नाही, तरी ईमेल बोचतो. बोच कुठे आहे हे कळण्यासाठी एकेक वाक्य झाकून उरलेला मजकूर वाचावा. वाचणाऱ्याची माहिती तसूभरही कमी होत नसेल, तर ते वाक्य टोमणा आहे. 'नजरेतून सुटले असावे' आणि 'आगाऊ धन्यवाद' इथेच गळतात. 'नेहमीप्रमाणे' मात्र नुसते खोडून भागत नाही, कारण त्यामागे खरी तक्रार आहे आणि ती राहिलीच पाहिजे. 'नेहमी' म्हटले की 'गेल्या आठवड्यात दिला होता की' असे उत्तर येते आणि वाद भलतीकडे जातो. तिथे नेमके दिवस लिहावेत. 'जमल्यास बघावे' यात तर काय हवे तेच सांगितलेले नाही. सुधारलेला ईमेल असा होतो :

'सोमवारी आणि बुधवारी सकाळी सात वाजता हँडओव्हर मिळाला नाही. बुधवारी पेमेंट अडकलेल्या ग्राहकाला रात्री काय सांगितले होते ते न कळल्याने त्याला सगळे पुन्हा विचारावे लागले आणि काम चाळीस मिनिटे लांबले. उद्यापासून पावणेसातपर्यंत उघड्या तिकिटांची नोंद टाकाल का? शेवटच्या तासात कॉलमुळे वेळ मिळत नसेल तर सांगा, वेळ बदलून घेऊ.'

शेवटचे वाक्य मऊपणासाठी नाही. पाळीच्या अखेरीस कॉल तुंबत असतील तर दोष माणसाचा नसून वेळापत्रकाचा असतो, आणि हे त्यालाच ठाऊक असते.

मजकूर स्वच्छ केला तरी टोमणा सीसीच्या रकान्यात उरू शकतो. पहिल्याच ईमेलवर टीम लीडचे नाव दिसले की वाचणारा आधी स्वतःच्या बचावाला लागतो. त्यामुळे पहिला ईमेल फक्त त्यालाच पाठवावा. त्यानंतरही हँडओव्हर चुकत राहिला तर आणखी ईमेल न लिहिता फोनवर बोलावे, आणि लीडकडे जायचे झाल्यास 'हे आता लीडच्या कानावर घालतो आहे' असे त्याला आधी सांगावे.